फोटोतला तक्ता आणि काय-वर्ग कसोटी: एका पुसट आकड्यावर अडलेला निर्णय

कागदावर एक छोटा तक्ता आहे, त्याचा फोटो मोबाइलवर आहे आणि खाली एका ओळीचा प्रश्न आहे: या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, की त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे ५ टक्के सार्थकता पातळीवर तपासा. अशा वेळी बहुतेक जण थेट सूत्राकडे वळतात. पण फोटोवरून गणित करताना पहिली चूक सूत्रात होत नाही, ती आकडा वाचताना होते. असा संबंध तपासायला जी वापरतात, त्या काय-वर्ग कसोटीला आपण दिलेला आकडा खरा की खोटा हे कळत नाही. चुकीच्या आकड्यांवरही ती तितक्याच ठामपणे उत्तर देते.

सुदैवाने तक्त्याच्या कडेला लिहिलेल्या बेरजा इथे तीन कामं करतात. त्या वाचन तपासायला उपयोगी पडतात, अपेक्षित संख्या त्यांतूनच निघतात आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे नेमकं काय हेही त्यांच्यातूनच उलगडतं. म्हणून हा सगळा लेख त्या कडेच्या बेरजांना धरून आहे.

उदाहरणासाठी एक तक्ता रचू. एका कार्यालयातल्या २४० कर्मचाऱ्यांची एका दिवसाची नोंद आहे. कोण कशाने आलं आणि वेळेवर पोहोचलं की उशिरा, एवढंच त्यात लिहिलं आहे.

| प्रवासाचं साधन | वेळेवर | उशिरा | एकूण |
|---|---|---|---|
| पायी | ६१ | १९ | ८० |
| सायकल | ५० | १० | ६० |
| बस | ६९ | ३१ | १०० |
| एकूण | १८० | ६० | २४० |

आता समजा, फोटो काढताना हाताची सावली पहिल्या ओळीवर पडली आणि १९ मधल्या ९ चं पोट पुसट झालं. वाचणाऱ्याला तो आकडा ११ वाटला. हाताने लिहिलेल्या मराठी अंकांत १ आणि ९ यांची गल्लत नेहमीचीच आहे. २ आणि ३ यांचीही होते. मजकूर वाचणारं अ‍ॅप इंग्रजी अंकांवर ठेवलं असेल आणि तक्ता मराठी अंकांत असेल, तर वेगळाच घोळ होतो: आपला ४ त्याला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. म्हणून अ‍ॅपने काढून दिलेले आकडे एकदा फोटो मोठा करून डोळ्यांनी ताडून पाहायलाच हवेत.

आधी बेरीज, मग सूत्र

वाचलेले आकडे कोऱ्या कागदावर उतरवा. एकूण बेरजा मात्र फोटोत जशा दिसतात तशाच लिहा, स्वतः करून भरू नका. बेरजा आपणच केल्या, तर त्या आपल्या चुकीच्या वाचनाशी हमखास जुळतील आणि तपासणीला काही अर्थच उरणार नाही. त्यानंतर प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक रकान्याची बेरीज करून फोटोतल्या बेरजेशी ताडून बघा.

आपल्या चुकलेल्या वाचनात पायी येणाऱ्यांच्या ओळीत ६१ आणि ११ मिळून ७२ होतात, फोटोत मात्र ८० आहेत. उशिराच्या रकान्यात ११, १० आणि ३१ मिळून ५२ होतात, फोटोत ६० आहेत. बाकी सगळ्या ओळी आणि वेळेवरचा रकाना जुळतात. एक ओळ आणि एक रकाना, दोन्हींत नेमकी ८ चीच तूट आहे. ती ओळ आणि तो रकाना जिथे एकमेकांना छेदतात, ती चौकट चुकली आहे. शिवाय तूट ८ ची आहे, म्हणजे एककाच्या जागी ९ ऐवजी १ वाचला गेला असणार, हेही लगेच सुचतं.

चूक कुठे आहे हे तफावतीच्या ठेवणीवरून ओळखता येतं. ओळ आणि रकाना दोन्ही सारख्याच फरकाने चुकत असतील, तर आतली चौकट चुकीची वाचली आहे. फक्त एक ओळ चुकत असेल आणि सगळे रकाने जुळत असतील, तर त्या ओळीची कडेची बेरीजच चुकीची वाचली असण्याची शक्यता जास्त. तीनही ओळींच्या बेरजा मिळून २४० होतात का, हे पाहिलं की ते पक्कं होतं. फरक ९ ने भागला जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का ते बघा. ६१ च्या जागी १६ लिहिलं गेलं, तर ४५ चा फरक पडतो आणि ४५ ला ९ ने भाग जातो.

ही तपासणी सगळंच पकडते असं नाही. एकाच ओळीत एक आकडा ५ ने जास्त आणि दुसरा ५ ने कमी वाचला, तर ओळ जुळते, पण दोन्ही रकाने बोंबलतात, त्यामुळे ती चूक सापडते. किमान चार चौकटींत एकमेकींना फेडून टाकणाऱ्या चुका झाल्या, तरच सगळ्या बेरजा जुळून चूक लपून राहते, आणि असं क्वचितच घडतं. खरी अडचण येते ती फोटोत कडेच्या बेरजाच नसतात तेव्हा. म्हणून फोटो काढताना तक्त्याच्या चारही कडा, शीर्षकं आणि खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा चौकटीत आल्या आहेत ना ते पाहा. मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरा. तिरक्या फोटोत दूरच्या ओळी दाटून येतात आणि एका ओळीचा आकडा शेजारच्या ओळीला जोडला जातो.

सगळं नीट वाचूनही बेरजा जुळल्या नाहीत, तर मूळ तक्त्यातच चूक असू शकते. अशा वेळी आपल्याला सोयीचा आकडा निवडून पुढे जाऊ नका. तक्ता देणाऱ्याला विचारा, नाहीतर उत्तरात कोणता आकडा धरला आणि का, ते स्पष्ट लिहा.

अपेक्षित संख्या: संबंध नसता तर काय दिसलं असतं

आता कसोटी. तिचा विचार अगदी साधा आहे. प्रवासाच्या साधनाचा आणि उशीर होण्याचा काहीच संबंध नाही, असं घटकाभर मानू. हीच शून्य परिकल्पना. हे मानल्यावर तक्ता कसा दिसायला हवा?

एकूण २४० जणांपैकी ६० जण उशिरा आले, म्हणजे चारांतला एक. साधनाचा संबंध नसेल, तर हे चारांतलं एक प्रमाण तिन्ही ओळींत सारखंच दिसायला हवं. पायी येणारे ८० आहेत, त्यांच्यातले २० उशिरा यायला हवेत. सायकलवाल्या ६० पैकी १५ आणि बसने येणाऱ्या १०० पैकी २५. उरलेले वेळेवर: ६०, ४५ आणि ७५. यांनाच अपेक्षित संख्या म्हणतात. पाठ्यपुस्तकातलं सूत्र याहून वेगळं काही सांगत नाही:

```
E = (ओळीची बेरीज × रकान्याची बेरीज) / एकूण बेरीज
```

सायकल आणि उशिरा या चौकटीसाठी ६० गुणिले ६० भागिले २४०, म्हणजे १५. सूत्र पाठ असूनही त्यामागचं प्रमाण कळलेलं नसेल, तर लोक कुठल्यातरी भलत्याच ओळीची बेरीज उचलतात. त्यापेक्षा "एकूणातलं प्रमाण, त्या ओळीला लावलेलं" एवढं लक्षात ठेवणं सोपं आहे.

| प्रवासाचं साधन | वेळेवर, अपेक्षित | उशिरा, अपेक्षित | एकूण |
|---|---|---|---|
| पायी | ६० | २० | ८० |
| सायकल | ४५ | १५ | ६० |
| बस | ७५ | २५ | १०० |
| एकूण | १८० | ६० | २४० |

अपेक्षित संख्यांच्या ओळींची आणि रकान्यांची बेरीज मूळ तक्त्याइतकीच यायला हवी. आली नाही, तर गुणाकार-भागाकारात कुठेतरी घसरलो आहोत. या तक्त्यात सगळ्या संख्या पूर्णांकात आल्या, कारण प्रमाण नेमकं पाव निघालं. एरवी अपूर्णांक येतात आणि ते यायलाच हवेत. १६.१४ माणसं कशी असतील, या विचाराने त्याचे १६ करू नका. अपेक्षित संख्या ही प्रत्यक्ष मोजलेली माणसं नाहीत, ती सरासरी आहे. तिला गोल केलं की बेरजा बिघडतात आणि उत्तरही सरकतं.

फरक मोजायचा कसा

प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, आलेल्या फरकाचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागायचं. अशा सहा चौकटींच्या सहा संख्यांची बेरीज म्हणजे काय-वर्ग.

```
χ² = Σ (O − E)² / E
```

वर्ग का करायचा? नुसते फरक मिळवले, तर ते नेहमी शून्यच होतात. आपल्या तक्त्यात पायी ओळीचे फरक +१ आणि −१, सायकलचे +५ आणि −५, बसचे −६ आणि +६ आहेत. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात फरकांची बेरीज शून्य येते. वर्ग करण्याआधी हे एकदा बघून घ्या, ती फुकट मिळणारी तपासणी आहे.

आणि अपेक्षित संख्येने का भागायचं? ५ चा फरक ४५ च्या मानाने किरकोळ आहे, १५ च्या मानाने तो बराच मोठा आहे. भागाकारामुळे त्याला त्याच्या जागेप्रमाणे वजन मिळतं. सायकलच्या ओळीत हे स्वच्छ दिसतं. फरक दोन्ही चौकटींत ५ चाच आहे, पण वेळेवरच्या चौकटीचा वाटा २५ भागिले ४५, म्हणजे ०.५५६, आणि उशिराच्या चौकटीचा वाटा २५ भागिले १५, म्हणजे १.६६७.

बाकीच्या चौकटी पटकन होतात. पायी: १ भागिले ६० म्हणजे ०.०१७ आणि १ भागिले २० म्हणजे ०.०५०. बस: ३६ भागिले ७५ म्हणजे ०.४८० आणि ३६ भागिले २५ म्हणजे १.४४०. सगळे मिळून काय-वर्ग ४.२०९ येतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्यक्ष संख्येने भागणं. छेदात अपेक्षित संख्याच हवी.

डिग्रीज ऑफ फ्रीडम: किती चौकटींना खरी मोकळीक आहे

४.२०९ ही संख्या मोठी की लहान? एकट्या त्या संख्येवरून सांगता येत नाही. जितक्या जास्त चौकटी, तितके जास्त वाटे मिळवले जातात, म्हणून मोठ्या तक्त्यात काय-वर्ग आपसूक मोठा येतो. तक्त्याचा आकार हिशेबात घ्यायचा, तर चौकटी मोजून भागत नाही. मोकळ्या चौकटी मोजाव्या लागतात.

हे फोटोच्या उदाहरणावरून चांगलं समजतं. समजा, कडेच्या सगळ्या बेरजा स्पष्ट आहेत, पण चकाकीमुळे आतल्या सहापैकी चार चौकटी पांढऱ्याफटक झाल्या आहेत. दिसतात फक्त दोन: पायी-उशिरा १९ आणि सायकल-उशिरा १०. तरीही तक्ता पुरा करता येतो. उशिराचा रकाना ६० चा आहे, म्हणून बस-उशिरा ३१. मग प्रत्येक ओळीच्या बेरजेतून उशिराचा आकडा वजा केला, की वेळेवरचे ६१, ५० आणि ६९ मिळतात. म्हणजे कडेच्या बेरजा ठरलेल्या असताना या तक्त्यात फक्त दोन चौकटी आपल्या मर्जीने बदलू शकतात. बाकीच्या चार त्यांच्यामागे फरफटत येतात. डिग्रीज ऑफ फ्रीडम २ म्हणजे हेच.

त्या दोन चौकटी कुठल्याही चालत नाहीत, एवढं मात्र लक्षात घ्या. पायी ओळीतल्याच ६१ आणि १९ या दोन दिसत असतील, तर आपल्याकडे खरी माहिती एकाच चौकटीची आहे. ८० मधून ६१ गेले की १९ उरणारच होते. सायकल आणि बस यांची वाटणी मग उलगडत नाही.

सर्वसाधारण नियम असा की प्रत्येक रकान्यात शेवटची ओळ बांधलेली असते आणि प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना बांधलेला असतो. म्हणून ओळींच्या संख्येतून एक वजा, रकान्यांच्या संख्येतून एक वजा, आणि दोन्हींचा गुणाकार:

```
df = (r − 1) × (c − 1) = (3 − 1) × (2 − 1) = 2
```

हा हिशेब पहिल्या फटक्यात कोणालाच सुचलेला नव्हता. काय-वर्ग कसोटी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली, पण अशा तक्त्यांसाठी ते एकूण चौकटींतून फक्त एक वजा करत. कडेच्या बेरजा आपण हातातल्या नोंदींवरूनच घेतो, त्यामुळे मोकळीक आणखी कमी होते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं. आपल्या तक्त्यात जुन्या पद्धतीने ५ आले असते. काय-वर्गाने जी संख्या ओलांडली की शून्य परिकल्पना नाकारतात, ती ५ टक्के पातळीची सीमा ५ डिग्रींसाठी ११.०७० आहे आणि २ डिग्रींसाठी ५.९९१. एवढ्या फरकाने कितीतरी खरे संबंध नजरेतून सुटले असते.

इथेच फोटोवरून होणारी एक फसवी चूक सांगायला हवी. फोटोतला तक्ता जसाच्या तसा, एकूणच्या ओळीसह आणि रकान्यासह, संगणकात भरला जातो. मग तक्ता ४ ओळी आणि ३ रकान्यांचा होतो. गंमत म्हणजे काय-वर्ग तरीही ४.२०९ च येतो, कारण बेरजांच्या चौकटींत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्या तंतोतंत सारख्या निघतात आणि त्यांचा वाटा शून्य असतो. त्यामुळे हाताने केलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं तरी संशय येत नाही. पण डिग्रीज ऑफ फ्रीडम २ ऐवजी ६ होतात आणि p, म्हणजे संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.१२२ वरून ०.६४८ वर जातो. म्हणून संगणकाचं उत्तर तपासताना आधी df कडे बघा. तो हाताने काढलेल्या df शी जुळत नसेल, तर पुढचं काहीच वाचू नका.

निर्णय

२ डिग्रींसाठी ५ टक्के पातळीची सीमा ५.९९१ आहे. तिचा अर्थ असा: खरोखर संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने काय-वर्ग ५.९९१ च्या वर जाण्याची वेळ शंभरात पाच वेळा येते. आपला काय-वर्ग ४.२०९, म्हणजे सीमेच्या आत. p च्या भाषेत, संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ०.१२२, साधारण १२ टक्के. ती ५ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

डिग्री २ असतानाच p काढायला एक सोपी वाट आहे: e चा घात उणे काय-वर्ग भागिले २. साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर e चा −२.१०४ वा घात काढला की ०.१२२ मिळतो. दुसऱ्या कुठल्याही डिग्रीला हे सूत्र लागू पडत नाही.

आता त्या पुसट नवाकडे परत येऊ. तो ११ असाच राहू दिला असता आणि बेरजाही त्यानुसार ७२, ५२ आणि २३२ धरल्या असत्या, तर अपेक्षित उशिराच्या संख्या १६.१४, १३.४५ आणि २२.४१ झाल्या असत्या. काय-वर्ग ७.४८७ आला असता, p ०.०२४. ५.९९१ ची सीमा ओलांडली गेली असती आणि उत्तर उलटं लागलं असतं: संबंध आहे, परिकल्पना नाकारा. सगळं गणित बिनचूक, सूत्र बिनचूक, डिग्रीज ऑफ फ्रीडमही तेच २, तरी निर्णय चुकीचा. ओळीची बेरीज ८० येत नाही, हे पाहायला पाच सेकंद पुरली असती.

उत्तर लिहिताना निर्णय मोघम ठेवू नका. असं लिहिता येईल: "शून्य परिकल्पना: प्रवासाचं साधन आणि वेळेवर पोहोचणं या गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. काय-वर्ग ४.२०९, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, p ०.१२२. हे मूल्य ५ टक्के पातळीच्या ५.९९१ या सीमेपेक्षा कमी आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. या २४० नोंदींत दोन्हींचा संबंध दाखवणारा पुरेसा पुरावा नाही."

"दोन्ही स्वतंत्र आहेत हे सिद्ध झालं" असं मात्र लिहू नका. पुरावा अपुरा पडणं आणि संबंध नसणं यांत मोठं अंतर आहे. ते किती आहे, हे बघायचं तर तक्त्यातला प्रत्येक आकडा दुप्पट करा. ४८० माणसं, टक्केवारी हुबेहूब तीच, पण काय-वर्गही दुप्पट होऊन ८.४१८ होतो आणि परिकल्पना नाकारली जाते.

यातूनच आणखी एक धडा निघतो: या कसोटीत टक्केवारी चालत नाही, मोजलेल्या संख्याच लागतात. काही तक्त्यांत संख्यांऐवजी टक्केच छापलेले असतात. आपला तक्ता प्रत्येक ओळीचे १०० टक्के धरून भरला, तर काय-वर्ग ४.२०९ ऐवजी ५.६६ येतो, कारण ६० सायकलवाले आणि १०० बसवाले सारख्याच वजनाचे मानले जातात. कडेला प्रत्येक ओळीची माणसं दिली असतील, तर टक्क्यांवरून संख्या परत काढा: ८० चे २३.७५ टक्के म्हणजे १९. ती संख्याच दिली नसेल, तर त्या फोटोवरून कसोटी होऊ शकत नाही, हेच प्रामाणिक उत्तर.

संगणकावर ताडून पाहताना

पायथनमध्ये आतल्या सहा चौकटी भरायच्या, बेरजा वगळून:

```python
from scipy.stats import chi2_contingency

t = [[61, 19], [50, 10], [69, 31]]
chi2, p, df, expected = chi2_contingency(t)
print(round(chi2, 3), round(p, 3), df)
print(expected)
```

पहिल्या ओळीत ४.२०९, ०.१२२ आणि २ आले पाहिजेत. दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात हाताचं आणि संगणकाचं उत्तर जुळत नाही, असा अनुभव येतो. तिथे डिग्री १ असते आणि हे फंक्शन आपणहून येट्स यांची दुरुस्ती लावतं, त्यामुळे काय-वर्ग थोडा कमी येतो. `correction=False` दिलं की आकडे जुळतात. एक्सेलमध्ये `CHISQ.TEST` वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की ते p देतं, काय-वर्ग देत नाही. ०.१२२ ची तुलना ५.९९१ शी करून "खूपच कमी आहे" असं लिहिलेली उत्तरं बरीच सापडतात. या तक्त्यात निर्णय योगायोगाने तोच लागतो, पण p ला सीमेशी ताडण्यात अर्थ नाही. p नेहमी १ च्या आतच असतो, त्यामुळे असं करणाऱ्याची परिकल्पना कधीच नाकारली जाणार नाही.

कसोटी कुठे लागू पडत नाही

काय-वर्गाची सीमा अंदाजी आहे, आणि चौकटी फार रिकाम्या असल्या की तो अंदाज डळमळतो. रूढ नियम असा: कोणतीही अपेक्षित संख्या १ च्या खाली नसावी आणि ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्या असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसाव्यात. लक्ष अपेक्षित संख्येवर ठेवायचं, प्रत्यक्ष संख्येवर नाही. प्रत्यक्षात एखाद्या चौकटीत शून्य असलं तरी अपेक्षित संख्या १२ असेल, तर काहीच हरकत नाही. आपल्या तक्त्यात सगळ्यात लहान अपेक्षित संख्या १५ आहे, म्हणून इथे प्रश्न येत नाही.

कमी भरलेल्या ओळी एकत्र करता येतात, पण त्या अर्थाने जवळच्या असाव्यात आणि हे निकाल पाहण्याआधी ठरवलेलं असावं. पायी आणि सायकल यांना "स्वतःच्या बळावर येणारे" म्हणून जोडणं पटण्यासारखं आहे. सायकल आणि बस जोडण्याला काही आधार नाही. निकाल बघून, वेगवेगळ्या ओळी जोडत जाऊन ५.९९१ किंवा ३.८४१ ओलांडण्याचा प्रयत्न केला, तर ५ टक्के पातळीला काही अर्थच राहत नाही. ओळी जोडल्या की डिग्रीज ऑफ फ्रीडम नव्याने काढायला विसरू नका. दोन ओळी उरल्या, तर डिग्री १ आणि सीमा ३.८४१.

शेवटची अट फोटोत दिसतच नाही. प्रत्येक नोंद दुसरीपासून सुटी असली पाहिजे: एक माणूस एकदाच मोजलेला, आणि एकाच्या उशिराने दुसऱ्याचा उशीर ठरलेला नाही. लोकांना एकाहून जास्त पर्याय निवडायची मुभा असलेला तक्ता याच अटीवर अडकतो. एकूण बेरीज माणसांच्या संख्येपेक्षा जास्त दिसली की तसं ओळखावं. आपल्या उदाहरणातही हाच प्रश्न दबा धरून बसलेला आहे. बसने उशिरा आलेल्या ३१ जणांपैकी २० जण एकाच बसमध्ये असतील आणि ती बस बंद पडली असेल, तर त्या २० सुट्या नोंदी नाहीत. ती एकच घटना वीसदा लिहिली गेली आहे. तसं असेल, तर ४.२०९ या संख्येची ५.९९१ शी तुलनाच करता येत नाही, आणि त्या दिवशी कोण कोणत्या बसमध्ये होतं, हे तक्ता बनवणाऱ्यालाच विचारावं लागेल.